वाजंत्री आणि ढोल-ताशा पथकाला द्यायचं पत्र: वेळ, बिदागी आणि दवाखान्यासमोरून जाण्याची रीत

आपल्याकडे पथक ठरतं ते फोनवर. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी देवी उठते, या चार वाजता, सव्वीस हजार फायनल." हजार-दोन हजार बयाना मोबाईलवरून जातो आणि मंडळाला वाटतं, काम झालं. विसर्जनाच्या दिवशी सव्वीसऐवजी अठरा पोरं उतरतात, गाडीभाडं कोणाकडे यावर पारावर हुज्जत होते, मिरवणूक दीड तास उशिरा निघते आणि नेमकी ग्रामीण रुग्णालयासमोर रंगात येते. तिथे पोलीस मध्ये पडले की पथकवाला म्हणतो, "तुमच्याच पोरांनी वाजवायला लावलं." मंडळ म्हणतं, "आम्ही तर बंद करा म्हणत होतो." दोघंही खरंच बोलत असतात, कारण तिथे कोणाचं ऐकायचं हे आधी ठरलेलंच नसतं.

तोंडी सौदाही सौदाच असतो, पण तो सिद्ध करताना नाकी नऊ येतात. म्हणून दोन पानांचं पत्र. ते मिरवणुकीच्या पंधरा-वीस दिवस आधी द्यावं. खाली एक उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे: तालुक्याजवळचं कापसाच्या पट्ट्यातलं एक गाव, दुर्गादेवीचं विसर्जन, मांडवापासून नदीघाटापर्यंत 2,200 मीटरचा रस्ता, त्यात 30 खाटांचं ग्रामीण रुग्णालय. पुढे ढोल-ताशा पथक, मध्ये देवीची ट्रॉली आणि ट्रॉलीमागे सनई-डफड्याचे वाजंत्री. रकमा उदाहरणापुरत्या आहेत, आपल्या भागातला भाव घालून घ्या.

आधी रस्ता पायी चाला

पत्र लिहायला बसण्याआधी मंडळाच्या दोघांनी पथकप्रमुखाला सोबत घेऊन मिरवणुकीचा पूर्ण रस्ता चालावा. तो बाहेरगावचा असेल तर बयाना घ्यायला येईल त्याच दिवशी फिरवून आणावं. फोनवर "दवाखान्याजवळ बंद ठेवा" असं सांगून काही उपयोग होत नाही. दवाखाना त्याने पाहिलेला नसतो आणि ढोल गळ्यात असताना तो शोधत बसणार नाही.

ध्वनी प्रदूषण नियम, 2000 मध्ये शांतता क्षेत्र म्हणजे दवाखाना, शाळा किंवा न्यायालयाभोवतीचं निदान 100 मीटरचं क्षेत्र. तिथे गाणं वाजवणं, ढोल किंवा ताशा बडवणं, कर्णा फुंकणं, हे सगळं नियमातच नावानिशी मना आहे. त्यामुळे "आमच्याकडे डीजे नाही, पारंपरिक वाद्य आहे" हा युक्तिवाद तिथे चालत नाही. 2017 च्या दुरुस्तीनंतर राज्य सरकारने घोषित केलेला भागच शांतता क्षेत्र धरला जातो. मग आपल्या गावचा दवाखाना त्या यादीत आहे का, यावर चौकात वाद रंगतो. माझं मत असं की त्या वादात पडूच नका. यादी काहीही म्हणो, पत्रात आपणच अंतर लिहून टाकायचं. आत बाळंतीण असेल तर तिला राजपत्राशी काय घेणं?

अंतर दवाखान्याच्या फाटकापासून न मोजता कंपाउंडच्या भिंतीच्या टोकापासून मोजा. आणि 100 मीटरवर आवाज ऐकू येणं बंद होतं, अशा समजुतीत राहू नका. मोकळ्या जागेत अंतर दहापट झालं की आवाज सुमारे 20 डेसिबलने उतरतो. समजा पथकापासून 10 मीटरवर 100 डेसिबल आहे, तर 100 मीटरवर 80 उरतो. शांतता क्षेत्राची दिवसाची मर्यादा 50 आणि रात्रीची 40 आहे. दोन्ही बाजूंना घरं असलेल्या गल्लीत तर आवाज याहूनही कमी उतरतो. म्हणून 100 मीटर हे कमीत कमी धरा आणि रस्त्यात आडोसा कुठे मिळतो ते पाहा. आपल्या उदाहरणात दवाखान्याच्या अलीकडे 150 मीटरवर वळण आहे आणि मध्ये जिनिंगची मोठी इमारत येते. वाजवणं वळणाअलीकडेच थांबवलं तर ती इमारतच बराच आवाज अडवते. म्हणून थांबायची खूण वळणावरच्या खांबावर. पलीकडे सरळ रस्ता आहे, तिथे 100 मीटरवरच्या विजेच्या खांबावर पुन्हा सुरू करायची खूण. दोन्ही खांबांवर चुन्याचे पट्टे मारा आणि पत्रात खांब कशासमोरचा ते लिहा.

त्याच फेरीत दवाखान्यात जाऊन वैद्यकीय अधिकाऱ्यांना किंवा सिस्टरना भेटावं. प्रसूती कक्षाच्या खिडक्या रस्त्याकडे आहेत का, रुग्णवाहिका कुठल्या फाटकातून आत जाते, एवढंच विचारायचं. गावात खासगी प्रसूतिगृह असेल तर तेही मोजा. बहुतेकांच्या ध्यानात फक्त सरकारी दवाखाना असतो.

शांत पट्टा किती मिनिटांचा

हे गणित कोणी करत नाही आणि भांडण इथेच पेटतं. वळणापासून कंपाउंडपर्यंत 150 मीटर, कंपाउंडची रस्त्यालगतची लांबी 60, पुढे 100, झाले 310. पण पुढचा ढोल दुसऱ्या खुणेवर पोचतो तेव्हा मागचे वाजंत्री अजून दवाखान्यासमोरच असतात. पहिल्या ढोलापासून शेवटच्या डफड्यापर्यंत मिरवणूक 80 मीटर लांब असेल, तर पुढच्या पथकाला 310 अधिक 80, म्हणजे 390 मीटर न वाजवता चालायचं आहे. मिनिटाला 40 मीटर या साध्या चालीने साधारण 10 मिनिटं लागतात.

पुढचं पथक खुणेवर थांबलं की मागचंही त्याच क्षणी थांबलं पाहिजे, मग ते अजून 80 मीटर मागे का असेना. नाहीतर मागच्या डफड्यावर पुढची पोरं नाचत राहतात आणि मिरवणूक नेमकी दवाखान्यासमोर अडते. सुरू करतानाही शेवटचा वाजंत्री दुसऱ्या खांबापलीकडे गेल्यावरच सुरू करायचं. "आपण पुढे आलो, आता वाजवायला हरकत नाही" असं पुढच्या पथकाला वाटतं, म्हणून हे वाक्य पत्रात वेगळं लिहावं लागतं.

या दहा मिनिटांत जयघोष, फटाके, ट्रॅक्टरचा हॉर्न, ट्रॉलीवरचा भोंगा, सगळं बंद. मृदंग-टाळही नको. दवाखान्यासमोर आरती करायची हौस काही मंडळांना असते, ती तिथे मुळीच ठेवू नये.

वेळ शेवटाकडून मोजा

रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर वाद्य वाजवता येत नाही. जिल्हाधिकारी वर्षातून ठरावीक दिवसांना 12 वाजेपर्यंत सवलत देतात, पण ती शांतता क्षेत्राला लागू नसते. शिवाय आपला दिवस त्या यादीत असेलच असं धरून पत्र लिहू नये. पत्रात वाद्य बंद करायची वेळ 9.30 लिहा. अर्धा तास हाताशी असू द्या.

आता मागे या. 2,200 मीटरपैकी 390 शांत पट्टा वजा केला की 1,810 मीटर वाजवत जायचं आहे. वाजवत, नाचत जाणारी मिरवणूक मिनिटाला 12 मीटरच्या आसपास सरकते. म्हणजे अडीच तास. मारुतीच्या पारावर, बाजार चौकात आणि घाटाच्या तोंडाशी असे 20 मिनिटांचे तीन थांबे, म्हणजे एक तास. शांत पट्ट्याची 10 मिनिटं. सगळं मिळून पावणेचार तासांच्या आत येतं. पाचला निघाली तर पावणेनऊपर्यंत घाटावर. पावणेसहाला निघाली तर साडेनऊला कशीबशी. सव्वासहा झाले तर शेवट दहाला टेकतो. अशा वेळी दोन थांबे वगळायचे, म्हणजे सव्वानऊला पोचता येतं. म्हणून पत्रात असं लिहा: उशीर झाला तर थांबे कमी होतील, शेवटची वेळ पुढे जाणार नाही आणि जादा तासाचा दर लागू होणार नाही.

जादा तासाचा दर लिहूच नये, हे मी आग्रहाने सांगतो. तो लिहिला की पथकाला मिरवणूक रेंगाळण्यात फायदा दिसतो आणि पोरांना तो पैसे देऊन रात्र वाढवायचा परवाना वाटतो.

थांबे पथकाच्या दमासाठीही लागतात. मोठा ढोल कमरेला बांधून सलग वाजवणारा अर्ध्या तासात घामाघूम होतो. थांब्यावर पाणी आणि बसायला जागा द्या. दवाखान्याच्या पुढेमागे निदान 200 मीटरपर्यंत थांबा ठेवू नका, गर्दी तिथे साचली की हलवता येत नाही.

बिदागी

रक्कम एकच आकडा म्हणून लिहू नका. किती माणसं, किती ढोल, गाडीभाडं आत की बाहेर, जेवण कोणाचं, हे तिच्यासोबत लिहा. आपल्या उदाहरणात पथक 26 जणांचं आहे: 16 ढोल, 6 ताशे, 4 झांज-ध्वजवाले. बिदागी ₹26,000, पिकअपचं भाडं धरून. माणशी हजार पडतात, म्हणून चार माणसं कमी आली तर चार हजार कमी, इतका साधा हिशोब होतो.

हप्ते तीन करा. बयाना 6,000. गाडी गावात आल्यावर, माणसं आणि वाद्यं मोजून, 13,000. उरलेले 7,000 घाटावर वाद्य बंद झाल्यावर. सगळी रक्कम आधी दिली की मंडळाच्या हातात काही राहत नाही. सगळी शेवटी ठेवली तर वर्गणी जमली नाही म्हणून रात्री पथकाला ताटकळत ठेवलं जातं, आणि हे आपल्याकडे फार होतं. शेवटचे सात हजार खजिनदाराने मिरवणूक निघण्याआधीच वेगळ्या पाकिटात ठेवावेत. पाच हजारांवरच्या रोख पावतीला एक रुपयाचं महसूल तिकीट लावून सही घ्या. मोबाईलवरून दिले तर शेऱ्यात कशाचा हप्ता ते लिहा.

नाचणारे नोटा उधळतात, ताशेवाल्याच्या टोपीत खोचतात. ते बक्षीस वाजवणाऱ्यांचं, बिदागीत धरायचं नाही, हे लिहा. आणि सोबत हेही लिहा की बक्षिसाच्या बदल्यात ठरलेल्या जागेबाहेर किंवा वेळेबाहेर वाजवलं जाणार नाही. दवाखान्यासमोर पाचशेची नोट नाचवत "काय होते बाप्पा पाच मिनिटानं!" म्हणणारा गावात एक तरी असतोच, आणि तो बहुधा मंडळाचाच असतो.

हुकूम कोणाचा

मंडळाचा एक आणि पथकाचा एक, अशी दोनच नावं पत्रात घाला. "पदाधिकारी सांगतील त्याप्रमाणे" असं लिहिलं की दहा पदाधिकारी दहा गोष्टी सांगतात. ढोल वाजत असताना हाक ऐकू जात नाही, म्हणून खूण ठरवा: लाल झेंडी वर गेली की बंद, हिरवी वर गेली की सुरू. ढोल ताशाच्या मागे चालतात, म्हणून झेंडीवाल्याने मुख्य ताशेवाल्याच्या डोळ्यांसमोर राहावं. ताशा थांबला की ढोल थांबतात. वाजंत्र्यांजवळ दुसरी झेंडी हवी.

मागच्या झेंडीवाल्याचं आणखी एक काम आहे. ढोलाच्या आवाजात 108 रुग्णवाहिकेचा भोंगा पुढच्यांना ऐकू येत नाही. त्याने मागे बघत राहायचं आणि दिवा दिसताच झेंडी वर करायची. वाद्य बंद, सगळे डाव्या बाजूला. रस्त्याची उजवी बाजू पूर्णवेळ मोकळी ठेवण्याची जबाबदारी मंडळाच्या स्वयंसेवकांची, पथकाची नव्हे.

दंड लिहिताना न्याय राखा. पथकाने स्वतःहून शांत पट्ट्यात वाजवलं तर शेवटच्या हप्त्यातून 3,000 कापायचे. पण मंडळाच्या माणसांनी दबाव आणला तर पथकाला वाद्य खाली ठेवण्याचा हक्क, आणि तरीही पूर्ण बिदागी. हे कलम असलं की पथकप्रमुख पोरांना पत्र दाखवून नाही म्हणू शकतो. दवाखान्यासमोरची शांतता प्रत्यक्षात याच ओळीवर टिकते, दंडावर नाही.

पत्राचा नमुना

जय दुर्गा उत्सव मंडळ, मु. पो. ______, ता. ______, जि. ______
दिनांक: ______

प्रति,
श्री. ____________, पथकप्रमुख, ढोल-ताशा पथक, ______ यांस

विषय: देवी विसर्जन मिरवणुकीसाठी पथक ठरवल्याबाबत.

स. न. वि. वि.

दि. ______ रोजी आपण आणि आम्ही मिरवणुकीचा रस्ता सोबत पाहिला. त्यावेळी झालेल्या बोलण्याप्रमाणे आपलं पथक खालील अटींवर ठरवत आहोत.

1. विसर्जन दि. ______, वार ______ रोजी आहे. पथकाने दुपारी 4.15 पर्यंत मांडवाजवळ हजर राहावे. मिरवणूक 5 वाजता निघेल. वाद्य रात्री 9.30 ला बंद होईल. निघायला उशीर झाल्यास थांबे कमी केले जातील; बंद करण्याची वेळ वाढणार नाही आणि जादा तासाचा दर लागू होणार नाही.

2. पथकात 26 जण असतील: ढोल 16, ताशे 6, झांज व ध्वज 4. अठरा वर्षांखालील कोणी नसेल. कोणी नशा करून येणार नाही.

3. बिदागी गाडीभाड्यासह ₹26,000 (अक्षरी रुपये सव्वीस हजार). बयाना 6,000 आज दिला. हजेरी व वाद्यं मोजून 13,000, आणि वाद्य बंद झाल्यावर घाटावर 7,000. कमी आलेल्या प्रत्येक माणसामागे 1,000 कमी होतील. नाचणाऱ्यांनी दिलेलं बक्षीस वाजवणाऱ्यांचं, ते बिदागीत धरलं जाणार नाही; त्याच्या बदल्यात ठरलेल्या जागेबाहेर किंवा वेळेबाहेर वाजवलं जाणार नाही. चहा, पाणी व मिरवणुकीनंतरचं जेवण मंडळाकडे. पथकाची पंगत मंडळाच्या सदस्यांसोबतच बसेल.

4. जिनिंगसमोरील पट्टा मारलेल्या खांबापासून ते दवाखान्यापुढील पट्टा मारलेल्या खांबापर्यंत कोणतंही वाद्य, शिट्टी किंवा जयघोष होणार नाही. पुढचं पथक पहिल्या खांबाशी येताच पुढचे व मागचे दोघेही एकाच वेळी थांबतील आणि न रेंगाळता चालत राहतील. मागचे वाजंत्री दुसरा खांब ओलांडून हिरवी झेंडी दिसेपर्यंत कोणीही सुरू करणार नाही.

5. रुग्णवाहिका आल्यास, कुठेही असलो तरी, लाल झेंडीसरशी वाद्य थांबेल.

6. वाजवणं व थांबवणं याबाबत मंडळातर्फे फक्त श्री. ______ (मो. ______) आणि पथकातर्फे श्री. ______ (मो. ______) यांचाच शब्द चालेल.

7. कलम 4 पथकाकडून मोडल्यास शेवटच्या हप्त्यातून ₹3,000 कापले जातील. मंडळाच्या किंवा गावच्या कोणी दबाव आणल्यास पथक वाद्य खाली ठेवू शकेल. त्यामुळे बिदागी कमी होणार नाही.

8. पोलिसांनी परवानगी नाकारल्यास किंवा मिरवणूक रद्द झाल्यास तीन दिवस आधी कळवू, बयान्यातले निम्मे पथक परत करेल. त्यानंतर कळवल्यास बयाना पथकाकडे राहील. पथक न आल्यास पूर्ण बयाना परत व गाडीचा झालेला खर्च पथकाकडे. पावसामुळे मिरवणूक थांबल्यास थांबलेला वेळ भरून काढला जाणार नाही, बिदागी तीच राहील.

सोबत रस्त्याचा हातनकाशा जोडला आहे. मान्य असल्यास दुसऱ्या प्रतीवर सही करून द्यावी, ही विनंती.

आपले,
अध्यक्ष, सचिव (सही)

वरील अटी मान्य आहेत. बयाना ₹6,000 मिळाला.
पथकप्रमुख (सही), साक्षीदार दोन (सही)

वाजंत्र्यांचं पत्र वेगळं

एकाच पत्रात दोघांना घालू नका, पथकप्रमुखाच्या हातून वाजंत्र्यांचे पैसे जाता कामा नयेत. कलम 1, 4, 5, 6 आणि 7 जसेच्या तसे, फक्त दंडाची रक्कम बिदागीच्या मानाने कमी करा. सहा जणांचे ₹9,000 ठरले असतील तर बयाना 2,000, हजेरीला 4,000, शेवटी 3,000. एक ओळ जास्त घाला: चामड्याचं डफडं दमट हवेत सैल पडतं, ते शेकायला मांडवाजवळ आणि बाजार चौकात मंडळ विस्तव करून देईल, ट्रॉली आणि मांडवाच्या कापडापासून लांब. ही सोय नसली की वाजंत्री मागे रेंगाळतात, मिरवणूक 80 मीटरची 150 मीटर होते आणि दहा मिनिटांचं गणित कोसळतं.

सही झाल्यावर

सही केलेल्या पत्राची झेरॉक्स आणि हातनकाशा पोलीस ठाण्यातल्या मिरवणूक परवानगीच्या अर्जाला जोडा. ठाणेदारांनी परवानगीत वेळ किंवा रस्ता बदलला तर त्याच दिवशी पथकाला लेखी कळवा आणि पत्रावर बदलाखाली दोघांच्या सह्या घ्या. परवानगीत नऊ आणि पत्रात साडेनऊ असेल तर नऊच धरायचे. पोलीस पाटलांना एक प्रत द्या.

आदल्या संध्याकाळी तीन कामं उरतात. चुन्याचे पट्टे पावसाने पुसले नाहीत ना ते पाहणं, दवाखान्यात साधारण किती वाजता तिथून जाऊ ते कळवणं, आणि मंडळाच्या पोरांना बसवून कलम 4 व 7 मोठ्याने वाचून दाखवणं. पथकाने सही केली आहे, पोरांनी नाही. म्हणून हे वाचन पथक यायच्या आधी उरकावं, त्यांच्यासमोर नको.

मिरवणुकीत दुसऱ्या खांबाशी हिरवी झेंडी दाखवताना झेंडीवाल्याने आधी मागच्या झेंडीवाल्याला फोन लावून "ओलांडला का" हे विचारावं. अंधार पडलेला असतो, ट्रॉलीच्या दिव्यांमुळे मागचं दिसत नाही, आणि नुसत्या अंदाजाने झेंडी वर गेली तर वाजंत्री दवाखान्यासमोर असतानाच ताशा सुरू होतो.